सव्वाशे म्हणजे सव्वाशंभर नव्हे हो!

"मराठी आकड्यांना काही नियमच नाही! साडेतीन चालतं मग साडेदोन का नाही? पावणे म्हणजे पाव जास्त की कमी? सव्वा म्हणजे पाव जास्त, म्हणजे सव्वाशे = शंभर आणि पाव! असली गंमत बंद करा, मुलांना एक पॉइंट पाच शिकवा. पुढे पाठवा."

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने हे पाठवलं आणि पाचवीतल्या भाच्याने ते मन लावून वाचलं. दुसऱ्या दिवशी मंडईत फळवाला म्हणाला पावणेदोनशे, तर याने मोजून सव्वादोनशे दिले. माणूस भला, पन्नास परत केले.

आता सव्वाशेचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सव्वा म्हणजे नुसतं "अधिक पाव" नाही, एकटा सव्वा म्हणजे सव्वा एक, १.२५. पुढे शे लागला की त्या अख्ख्या आकड्याला शंभरने गुणायचं, झाले १२५. पाऊणशे ७५, दीडशे १५०, अडीच हजार २५००, सव्वा लाख १,२५,०००, एकाच नियमाने सगळे. भाच्याचं बिल घ्या: पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, १.७५, आणि शंभरने गुणलं की १७५. त्याने पाव कमी करायच्या ऐवजी वाढवला, म्हणून २२५. पाव एकाचा नाही, शंभराचा असतो, त्यामुळे चूक दोन्हीकडून पंचवीस-पंचवीसची, म्हणजे बरोबर पन्नास. पावणे उलटं ऐकलं की फरक नेहमी अर्ध्या शेचा, अर्ध्या हजाराचा पडतो, त्यावरून चूक लगेच ओळखू येते.

पावणे कमी की जास्त, तर कमी. शब्दातच 'ऊन' आहे, पाद-ऊन, एकोणीसमधल्या उणेसारखा. घड्याळात पावणेसहा म्हटल्यावर सहा वाजून पंधरा समजणारा माणूस मला अजून भेटायचाय.

साडेदोनचं मात्र मान्य करतो, नाइलाजाने. साडे तीनापासून पुढे लागतो, दीड आणि अडीच पाठच करावे लागतात, मुलं तिथे अडखळतात. पण ते काही आकाशातून पडलेले नाहीत. अडीच आला अर्धतृतीयवरून, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. याच पद्धतीने साडेतीनालाही स्वतंत्र शब्द होता, औट, अर्धा चौथा. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात तो सापडतो, आणि जुन्या शाळेत पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी या पाढ्यांबरोबर औटकीही घोकायचे. म्हणजे साडेने वरून खाली उतरत येऊन औटाला हाकललं, दीड-अडीच तेवढे हटले नाहीत कारण रोज तोंडात असतात.

आणि एक पॉइंट पाच शिकवाच, त्याला कोण नको म्हणतंय, ०.७ किंवा एक तृतीयांश या शब्दांत बसतच नाहीत. पण फळवाला एक पॉइंट सात पाच शंभर म्हणणार नाहीये. आत्या, तेवढं डिलीट कर.