उचल बिनव्याजी, पण फुकट नाही

“मालकाकडून उचल घ्या, व्याज शून्य. बँकेचं पर्सनल लोन म्हणजे लूट.”

अर्धंच खरं. हिंगणघाटच्या जिनिंगमधला पंधरा हजार पगाराचा माणूस धरा. बाबांच्या ऑपरेशनला चाळीस हजार हवेत. उचल त्याच दिवशी हातात पडते, हे तिचं मोठं बळ. पण पगारातून महिन्याला साडेसात हजार कापले, तर जवळपास साडेपाच महिने घर निम्म्यावर चालवायचं. किराणा उधारीवर गेला, की सावकाराचं दार दिसतंच. त्यात कापसाचा हंगाम संपून काम सुटलं, तर उरलेली उचल शेवटच्या हिशेबातून एकदम कापतात.

तेच बँकेत 14 टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतलं, तर हप्ता 3,590 च्या आसपास; व्याज साधारण 3,100. दोन टक्के प्रोसेसिंग फी असेल तर जीएसटीसह 944 रुपये आणखी. म्हणजे महाग, पण पगारातले अकरा हजार घरात राहतात. मात्र पगार रोखीत मिळत असेल तर बँक बहुधा दारातच उभं करत नाही, आणि हप्ता चुकला तर सिबिल बिघडतं.

माझं मत विचाराल तर दहा-पंधरा हजारांपर्यंत उचलच घ्या, आणि दरमहा किती कापणार ते मुनीमजीकडून लिहून घ्या.