भिंत शेजारच्याची, पाय मावशीचा

«जुनी बिल्डिंग किंवा वाडा पावसात पडला तर ती नैसर्गिक आपत्ती असते, कोणाचीच चूक नसते. महापालिकेची नोटीस आली नसेल तर मालकावर जबाबदारी येत नाही. भाडेकरूंचा तर काहीच संबंध नाही. शेजाऱ्यांना लागलं तर सरकारची मदत मिळते, ती घेतली की विषय संपला. उगाच कोर्टकचेऱ्या करून संबंध बिघडवू नका. सर्व ग्रुपवर पाठवा 🙏»

हा मेसेज माझ्या मावशीला तिच्याच गल्लीच्या ग्रुपवर आला, तोही पाय प्लास्टरमध्ये असताना. शेजारच्या वाड्याची भिंत तिच्या मागच्या अंगणात पडली, न्हाणीघराचे पत्रे खाली आले आणि त्यांच्याबरोबर ती. आता ती म्हणते, "जाऊ दे रे, कायद्यात काही नाहीच म्हणतात." म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनीअर आहे. पेठांमधल्या जुन्या भिंती बघणं हे माझं रोजचं काम. कायद्याचं म्हणाल तर खालचा मुख्य निकाल मी स्वतः वाचलाय, बाकीचं वकील मित्राकडून तपासून घेतलंय.

आधी ती भिंत कशी पडली ते सांगतो, कारण "आपत्ती" हा शब्द तिथेच गळून पडतो. वाडा दोन भावांचा. धाकट्याने आपला अर्धा भाग उतरवून घेतला आणि पुढचं बांधकाम रखडलं. थोरल्याच्या भागात भाडेकरू आहेत. दोन भागांमधली जी आतली भिंत होती, ती एका रात्रीत बाहेरची भिंत झाली. ही भिंत पांढऱ्या मातीत भाजक्या विटा रचून केलेली. अशी भिंत कोरडी असेपर्यंत शंभर वर्षं उभी राहते. पण ती पावसाचा मारा खायला बांधलेलीच नसते. बाहेरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असतो, वर पागोळ्या दूर टाकणारं छप्पर असतं. हिच्या डोक्यावर काही नव्हतं. वर एक निळी ताडपत्री टाकली होती, ती पहिल्या वाऱ्यात फाटली. पाणी वरून भिंतीच्या पोटात शिरलं. ओल्या मातीचं वजन वाढतं आणि विटा धरून ठेवण्याची ताकद जाते. कडीपाटाच्या तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं कुजतात, मग भिंतीला आतून धरून ठेवणारं कोणी उरत नाही.

हे लपून होत नाही. भिंतीला मधोमध पोट येतं. ओळंबा सोडला की वर दोरी भिंतीला टेकलेली आणि खाली बोटभर, दोन बोटं फट, असं दिसतं. पायथ्याशी विटांच्या सांध्यांतून मातीचा भुगा सांडलेला असतो. शेजारचं दार अचानक चौकटीत अडकायला लागतं. थोरल्याने यावर उपाय काय केला, तर खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा. म्हणजे भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडायची उरलीसुरली वाटही बंद. अशी भिंत पडते तेव्हा पाऊस बहुतेक वेळा थांबलेला असतो. मावशीच्या अंगणात ती पडली तेव्हाही ऊन होतं.

पावसाबद्दल कोर्टाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा १९५८ सालचा कल्लूलाल विरुद्ध हेमचंद हा निकाल. पावसात एका इमारतीची भिंत कोसळून दोन मुलं दगावली होती. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस पडला होता. मालकाचं म्हणणं, ही देवाची करणी. कोर्ट म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस पडणं यात अघटित काही नाही, त्याचा विचार करूनच भिंत सांभाळायची असते. २.६६ इंच म्हणजे सुमारे ६८ मिलिमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये असा एखादा दिवस पेठेतल्या कोणाला नवा नाही.

आता नोटिशीचा मुद्दा. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते ऐकायला कायदेशीर वाटतं.

दिल्लीत चांदनी चौकात टाऊन हॉलसमोर घंटाघर होतं. १९५१ साली ते कोसळलं आणि त्याखाली माणसं मेली. घंटाघर नगरपालिकेच्या मालकीचं, म्हणजे इतरांना नोटीस देणारी संस्थाच इथे मालक. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६६ साली निकाल लागला: दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती. बांधकाम ८० वर्षांचं होतं. वापरलेल्या चुन्याचा प्रकार बघता वरच्या मजल्याचं आयुष्य ४०-४५ वर्षंच होतं, अशी साक्ष खुद्द इंजिनीअरने दिली. पडल्यावर पाहिलं तर चुन्याची पूड झालेली, विटा धरून ठेवण्याचा गुणच उरला नव्हता. पालिकेचा बचाव असा की दोष आत दडलेला होता, आम्हाला माहीतच नव्हता, कोणी लक्षात आणूनही दिला नाही. न्यायालयाने तो फेटाळला. रस्त्यालगत इमारत ठेवणाऱ्या मालकावर खास जबाबदारी असते. ती मोडकळीला येऊन कोणाला इजा झाली तर दोष दिसणारा होता की लपलेला, मालकाला माहीत होतं की नव्हतं, हे विचारलं जात नाही. इमारत आपोआप पडते यातच हयगय दिसते, आणि इतक्या जुन्या वास्तूची नियमित तपासणी करायला हवी होती.

"पण मावशी रस्त्यावर कुठे होती?" हा प्रश्न ग्रुपवरच्या एका काकांनी विचारलाच. त्यांनी निकालाची पुढची पानं वाचायला हवीत. न्यायालयाने ज्या इंग्लिश निकालाचा आधार घेतला, तो रिंज विरुद्ध कोहेन, १९४०, नेमका शेजाऱ्याचाच आहे. शेफील्डमध्ये एका घराची भिंत वादळात शेजारच्या दुकानावर पडली. घरात आठवड्याच्या भाड्यावर भाडेकरू राहत होता, दुरुस्ती मालकाकडे होती. मालक म्हणाला, भिंत खराब झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. तरीही भरपाई त्याच्याच माथी आली. तत्त्व असं: घर दुरुस्तीअभावी धोकादायक होऊन वाटसरूवर किंवा शेजाऱ्यावर पडलं, तर जो ते ताब्यात ठेवतो तो, आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकाने घेतली असेल तर मालक, उत्तर द्यायला बांधील.

सूट अगदीच नाही असं नाही, तेही सांगतो. तिऱ्हाइताने घुसून मोडतोड केली, किंवा जमीन खालून खचण्यासारखं, कोणाला दिसणं शक्य नव्हतं असं काही घडलं, तर मालक सुटू शकतो. पण तेही कळल्यावर, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, वाजवी वेळेत त्याने काही केलं नसेल तर नाही. आणि नुसतं जुनं असणं हा दोष नाही. देखभाल नव्हती हे दाखवता आलं तर दावा पक्का होतो. इथे ताडपत्री आणि सिमेंटचा गिलावा ते दाखवायला पुरेसे आहेत. भिंत खराब आहे हे माहीत असल्याशिवाय कोणी ताडपत्री टाकत नाही.

नोटीस आली असती तर मालकाची बाजू आणखी पडली असती, एवढंच. महापालिका अधिनियमात पडाऊ बांधकामाची नोटीस मालकाला किंवा ताबेदाराला देता येते, आणि तीस वर्षांवरच्या इमारतींचं ऑडिट करून घेणं हे त्यांचंच काम आहे. नोटीस हे कर्तव्याचं उगमस्थान नाही.

भाडेकरूंबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. दोन खोल्यांत साठ रुपये भाड्याने राहणाऱ्या आजींना बाहेरच्या भिंतीबद्दल कोर्टात उभं करणं चुकीचं ठरेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा घर दुरुस्त ठेवण्याचं बंधन मुळात मालकावर टाकतो. मालकाने केलं नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून वळते करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. साठ रुपयांच्या पाव हिश्शात काय येतं ते तुम्हीच बघा. मालकाचंही हेच रडगाणं असतं आणि त्यातही तथ्य आहे. पण कमी भाड्याचा फायदा मावशीला मिळालेला नाही, मग त्याची शिक्षा तिला का?

मात्र भाडेकरूने स्वतः काही केलं असेल तर गोष्ट वेगळी. याच वाड्यात रस्त्याकडच्या दुकानदाराने शटर रुंद करायला लाकडी खांब काढून लोखंडी पाइप लावलाय. तो भाग पडता तर त्याला "मी फक्त भाडं भरतो" म्हणता आलं नसतं. घाटकोपरची सिद्धीसाई इमारत २०१७ च्या जुलैमध्ये कोसळून १७ जण गेले, तेव्हा आरोप तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांवरच होता. आणखी एक भीती भाडेकरूंना धोकादायक घरात चिकटवून ठेवते, की खाली केलं तर हक्क गेला. २०१४ साली शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. प्रकरण सांगली-मिरजेचंच होतं. घरमालकांच्या ग्रुपवर हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

सरकारी मदतीचं दोन वाक्यांत. ती सानुग्रह असते, मालकाच्या वतीने दिलेली भरपाई नव्हे. ती घेतल्याने मालकाविरुद्धचा हक्क संपत नाही.

संबंध बिघडण्याची काळजी असणाऱ्यांना मुदती सांगाव्यात. इजा आणि नुकसानीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात, मृत्यू झाला असेल तर वारसांना दोनच. महापालिकेलाही प्रतिवादी करायचं असेल तर आधी महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. पण त्याआधीच संपणारी एक मुदत आहे. पालिकेचा डंपर येऊन राडारोडा उचलून नेतो, आणि त्याबरोबर पुरावा जातो. कुजलेलं तुळईचं टोक, भुगा झालेली माती, सिमेंटच्या गिलाव्याचा सुटलेला पापुद्रा हे फूटपट्टी शेजारी धरून फोटोत घ्यावं लागतं. मावशीच्या बाबतीत मी ते केलं. दोन विटा आणि तुळईचा तुकडा पंचनाम्यात नोंदवून ठेवलाय. वाड्याची फाइल, आधीच्या तक्रारी आणि नोटिसा मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय. दवाखान्याची बिलं, कामवाल्या बाईंचे जास्तीचे पैसे आणि न्हाणीघराच्या दुरुस्तीचं कोटेशन एका पिशवीत आहे. नवीन टाइल्स मागायच्या नाहीत, होतं तेवढंच मागायचं, हे मावशीला पटवायला मात्र वेळ लागला. थोरल्या भावाला वकिलाची नोटीस या आठवड्यात जाईल. धाकट्यालाही जाईल, कारण भिंत उघड्यावर त्याने आणली.