निरोपाचं भाषण चार मिनिटांचं पुरतं

31 मे आला की पुण्यातल्या कॉलेजांत निरोप समारंभांची गर्दी होते. शाळेत नाव घालताना 1 जून ही जन्मतारीख लागलेली एक अख्खी पिढी 31 मेलाच निवृत्त होते. यंदा आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख मॅडमही झाल्या. त्यांच्या मनोगताबद्दल लिहावंसं वाटतंय, कारण आभार कसे मानावेत हे मला त्यात दिसलं.

सत्कारमूर्ती बोलतात सगळ्यांत शेवटी. तोवर पाच-सहा भाषणं झालेली असतात, उकाड्यानं माणसं कंटाळलेली असतात. मॅडमनी हे धरूनच एका पानात मावेल एवढं लिहून आणलं होतं. चारेकशे शब्द, सावकाश वाचले तर चार मिनिटं. स्वतःचा जीवनप्रवास त्यात नव्हता, तो आधीच्या वक्त्यांनी सांगून झालेला असतो. वेळ कमी पडला की आपण आभार आटोपते घेतो आणि आठवणी ठेवतो. मला हे उलटं वाटतं.

त्यांनी सुरुवात प्रयोगशाळेतल्या मामांपासून केली. "प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी मी यायचे, तेव्हा ब्युरेट धुऊन लावलेल्या आणि बाटल्यांवर लेबलं चिकटवलेली असायची. मला कधी विचारावं लागलं नाही." बस, एवढंच. "मोलाचं सहकार्य लाभलं" हे कुणालाही म्हणता येतं. ब्युरेटचं वाक्य फक्त मामांचंच होतं. मामा मागच्या रांगेत उभे होते, सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग ऑफिसमधल्या मॅडम, ज्यांनी कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या वेळी जुन्या फाइली शोधून दिल्या. प्राचार्यांचे आभार नंतर, एका वाक्यात.

नावांची यादी वाचली की एखादं सुटतंच आणि ते माणूस वर्षभर लक्षात ठेवतं. मॅडमनी नावं मोजकीच घेतली, बाकीच्यांना कामावरून एकत्र आठवलं: सकाळची बॅच सांभाळणारे, सुट्टीत पेपर तपासायला बसणारे. ज्याचं त्याला कळलं.

अजून एक गोष्ट मला नंतर समजली. एका सहकाऱ्यानं आजारपणातही तास चुकवले नव्हते. मॅडमना ते सांगायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं. आजाराचा उल्लेख नको, असं तो म्हणाला. भाषणात मग फक्त "त्यांचा एकही तास बुडाला नाही" एवढंच आलं. कौतुकाच्या भरात दुसऱ्याचं खासगी दुखणं माइकवर सांगणारे मी पाहिलेत, समोरचा माणूस मान खाली घालून बसतो. विचारून घ्यायला दोन मिनिटं लागतात हो!

जुने वाद, न मिळालेली पदं, काहीच निघालं नाही. नव्या प्रमुखांना जाहीर सल्लाही दिला नाही. त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून विभाग तुमचा. तुम्ही विचारलंत तर मी आहेच, आपणहून फोन करणार नाही."

आणि नमस्कार करून खाली बसल्या.