बजेट अडकलंय म्हणजे नक्की कुठे अडकलंय?

भाचा चिपळूणचा, क्यूसी केमिस्ट, चार वर्षांचा अनुभव. फेब्रुवारीत लोट्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूच्या दोन फेऱ्या झाल्या. मॅनेजर म्हणाले, "तू आम्हाला पसंत आहेस, पण बजेटची मंजुरी यायचीय. किती दिवस लागतील ते मलाच माहीत नाही." मग पठ्ठ्याने दर चार दिवसांनी "सर, काही अपडेट?" सुरू केलं. तिसऱ्या मेसेजला नुसता अंगठा आला, चौथ्याला तोही नाही. तेव्हा मामा आठवला.

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली. मॅनेजर खोटं बोलत नव्हता. फाइल त्याच्या टेबलावरून गेली की प्लांट हेड, अकाउंट्स, मग मुंबई ऑफिस. पुढचं त्याच्याही हातात नसतं. त्यामुळे "कधी?" विचारून उपयोग नाही, फाइल कुठे आहे ते विचारायचं.

आणि त्याआधी एक गोष्ट: जागा नवी आहे, की कोणी सोडून गेल्याची? सोडून गेलेल्याचा पगार चालू वर्षाच्या बजेटात बहुधा धरलेला असतो, तिथे अनेकदा सह्याच राहतात. नवी जागा मात्र पुढच्या वर्षाच्या बजेटात घालावी लागते, आणि ते वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. भाच्याची जागा लॅबच्या नव्या शिफ्टसाठी होती. म्हणजे फेब्रुवारीत दर चार दिवसांनी विचारणं म्हणजे मोहोर बघून आंब्याची पेटी मागणं!

मी त्याला लिहून दिलं: "सर, मला या जागेत अजून रस आहे. ती नव्या वर्षाच्या बजेटमध्ये धरलीय का आणि फाइल प्लांटवर आहे की मुंबईला, एवढं कळलं तर बरं होईल. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर चालेल ना?"

तासाभरात उत्तर: "नव्या वर्षात आहे. फाइल मुंबईला. १० तारखेनंतर कर." त्यांना माहीत होतं तेवढंच विचारलं, म्हणून सांगता आलं.

मार्चच्या मध्यावर महाडहून ऑफर लेटर आलं, सात दिवसांत कळवायचं होतं. भाचा म्हणे, "मामा, पगार वाढवून सांगू काय?" म्हटलं, अजिबात नाही. ऑफर आलीय आणि शेवटची तारीख ही, एवढंच कळव. मॅनेजरांनी स्वतः फोन केला. "जागा मंजूर होईल असं वाटतं, पण कात्री लागली तर दुसऱ्या सहामाहीत जाईल. मी तुझ्या जागी असतो तर महाडची ऑफर घेतली असती."

त्याने महाडचं लेटर स्वीकारलं, तेव्हाच जुन्या ठिकाणी राजीनामा दिला. (तोंडी होकारावर नोटीस देणारे मी पाहिलेत, नंतर दोन-दोन महिने घरी बसलेले.) तरीही १२ एप्रिलला त्याने लोट्याला फोन केला, कारण करतो म्हणून सांगितलं होतं. जागा ऑक्टोबरवर गेली होती. "तेव्हा इच्छा असेल तर कळव," ते म्हणाले.

बहीण अजून माझ्यावर रुसलेली आहे. लोट्याला घरचा डबा नेता आला असता म्हणते.