क्लास टीचरच्या लांब रजेचं पत्र: त्या फिरणाऱ्या फॉरवर्डला मुद्द्याला मुद्दा

फॉरवर्ड असा आहे: "क्लास टीचर लांब रजेवर जाणार असतील तर आधीपासून सांगत बसू नका, उगाच घबराट होते. रजेच्या दिवशी पालकांना दोन ओळींचा मेसेज पुरे. मुलं आठवड्यात विसरतात. नव्या टीचरना त्यांच्या पद्धतीने फ्रेश स्टार्ट करू द्या. आणि काही अडलंच तर जुन्या टीचर फोनवर आहेतच की!"

प्राथमिकचे वर्ग बरीच वर्षं सांभाळलेत, अशी पत्रं लिहिलीत आणि बदलीवर जाऊन दुसऱ्यांच्या वर्गात उभीही राहिलेय, म्हणून यावर लिहितेय.

घबराटीचं आधी बघू. यात एवढं खरं आहे की महिनाभर आधी सांगू नये. सहा-सात वर्षांच्या पोराला "पुढच्या महिन्यात" म्हणजे किती लांब ते कळत नाही, मग ते रोज सकाळी विचारतं, बाई आज जाणार का, उद्या जाणार का. पण म्हणून एकदम शून्य दिवस? पहिली-दुसरीला आठवडाभर आधी आणि चौथी-पाचवीला दोनेक आठवडे आधी, एवढं बरोबर बसतं. आणि कोणाला कधी कळतं याचा क्रम फार महत्त्वाचा. शेवटच्या तासाला बाईंनी स्वतः वर्गात सांगायचं आणि शाळा सुटायच्या आत पत्र पालकांपर्यंत पोचलेलं असायचं. नाहीतर काय होतं, पोरगं घरी येऊन म्हणतं "आमच्या बाई चालल्या", घरच्यांना काहीच माहीत नसतं, ते दचकतात, आणि मूल त्यांचा चेहरा बघून ठरवतं की काहीतरी वाईट झालंय. मग ग्रुपवर सुरू, कोणाला काही कळलं का, आजारी आहेत का, काढलं का त्यांना. म्हणजे घबराट व्हायची ती होतेच, फक्त तिला खरी माहिती मिळालेली नसते. अजून एक, हे शुक्रवारी सांगू नका, मध्ये सुट्टी येते आणि पोरांच्या डोक्यात प्रश्न साचत राहतात. गुरुवारी सांगितलं की शुक्रवारी वर्गात विचारता येतं.

कारण किती सांगायचं ते बाई ठरवणार, शाळा नाही. "वैद्यकीय कारणासाठी" एवढंच लिहायचं असेल तर तेवढंच लिहा, आणि ते वाक्य पाठवायच्या आधी बाईंना वाचायला द्या. मुलांना सांगताना मात्र "बाईंना बरं नाही" एवढ्यावर सोडू नका, कारण बरं तर त्यांनाही कधी कधी नसतं, मग पुढच्या तापाला ते घाबरतात. बाईंची हरकत नसेल तर साधं सांगा, पायाचं ऑपरेशन आहे, मग बरेच दिवस चालायचं नाही. आणि एक वाक्य तोंडाने नक्की म्हणा: तुमच्या मस्तीमुळे बाई जात नाहीयेत. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटतं, पण ज्या पोराने आदल्या दिवशी ओरडा खाल्लाय त्याच्या मनात हेच चालू असतं.

आता दोन ओळींचा मेसेज. त्यात काय मावतं? कोण जातंय, कोण येतंय. पालकाला खरं तर हे हवं असतं की सोमवारी सकाळी माझ्या पोराचा दिवस कसा जाणार आणि काही झालं तर कोणाला विचारू. दुसरीच्या वर्गाचं उदाहरण घेते. बाईंचा शेवटचा दिवस शुक्रवार 15 तारीख, आणि पत्र गुरुवार 7 ला गेलं. साधारण असं:

"प्रिय पालक, दुसरीच्या वर्गशिक्षिका सोमवार 18 तारखेपासून वैद्यकीय कारणासाठी रजेवर जात आहेत. रजा साधारण तीन महिन्यांची आहे. परतायची तारीख अजून नक्की नाही, त्याबद्दल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला पुन्हा कळवू, बदल नसला तरी कळवू. त्यांच्या जागी येणाऱ्या बाई सोमवार 11 पासूनच वर्गात असतील, म्हणजे एक आठवडा दोन्ही बाई असतील. मुलांच्या जागा, हजेरीची पद्धत, डायरी, गृहपाठाचे दिवस आणि शुक्रवारचा वाचनाचा तास आहे तसाच राहील. एकच बदल, वह्या आता सोमवारऐवजी बुधवारी तपासून मिळतील. आज शेवटच्या तासाला बाईंनी मुलांना हे सांगितलं आहे. औषध, ॲलर्जी किंवा मुलाला कोण न्यायला येतं याबद्दल शाळेला दिलेली माहिती नव्या बाईंकडे पोचवली आहे, त्यात काही बदल असेल तर 13 पर्यंत डायरीत लिहा. प्रश्न असतील तर डायरीत लिहा किंवा शाळेच्या ऑफिसला कळवा."

यात परतायच्या तारखेची जागा बघा. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे, की शाळा लगेच तारीख छापून टाकते, पोरं कॅलेंडरवर गोल करतात, त्या दिवशी कार्ड बनवून आणतात आणि बाई येत नाहीत कारण रजा वाढलेली असते. हे झाल्यावर पुढच्या कुठल्याच तारखेवर पोरांचा विश्वास बसत नाही. पुढची माहिती कधी देणार याची तारीख मात्र शाळेच्या हातात असते, म्हणून ती द्यावी आणि पाळावी. 5 तारखेला सांगायला काही नसेल तरी "अजून ठरलं नाही, पुढचं 20 ला सांगू" एवढं तरी जाऊ दे.

नव्या बाईंची ओळख करून देताना डिग्र्यांची यादी देतात, ठीक आहे, एका ओळीत द्या. पण पोराला त्याचं काय! "सकाळी दारात नव्या बाई उभ्या असतील, त्यांना चित्रं काढायला आवडतात" हे पालक घरी पोराला सांगू शकतात.

मुलं आठवड्यात विसरतात हे कुठून आलं ते मला समजतं, कारण पहिला आठवडा बरेचदा छान जातो. नवीन माणूस, सगळे शहाण्यासारखे बसतात, आणि शाळा म्हणते बघा, काही झालं नाही. खरी कुरबुर दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. "आमच्या बाई असं नाही करायच्या" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं, नियम ताणून बघतात, जे पोरगं कधी रडायचं नाही ते दारात हात सोडत नाही. घरी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. हे दोन-तीन आठवडे चालणं यात विशेष काही नाही. पण महिना उलटून गेला तरी रोज तेच, किंवा जेवण-झोप बिघडली, किंवा पोरगं वर्गात बोलायचंच बंद झालं, तर पालकांनी थांबू नये, शाळेशी बोलावं. आणि पोटदुखी सुट्टीतही होत असेल तर आधी डॉक्टरकडे, प्रत्येक गोष्ट बाईंच्या रजेवर ढकलू नका.

फ्रेश स्टार्टचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण नुकसान इथेच होतं आणि करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. नव्या बाई येतात, उत्साहात असतात, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या जागा बदलतात. आता समजा पहिल्या बाकावर खिडकीच्या बाजूला एक मुलगा बसतो. तो तिथे का? कारण त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्या जागी त्याचा उजवा कान बाईंकडे राहतो. हे कुठे लिहिलेलं नसतं, जुन्या बाईंच्या डोक्यात असतं. तो मागच्या बाकावर जातो, सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आठवड्याने डायरीत शेरा येतो "लक्ष देत नाही". पोरगं तेच, फक्त बाक बदलला.

म्हणून तो एक आठवडा दोघींनी एकत्र वर्गात असणं मी अजिबात सोडणार नाही. 11 आणि 12 ला नव्या बाई मागे बसून फक्त बघतात, 13 आणि 14 ला हजेरी आणि एक तास त्या घेतात, 15 ला पूर्ण दिवस त्यांचा आणि जुन्या बाई मागे. शाळेला एवढे दिवस दोघींना ठेवणं परवडत नसेल तर दोन दिवस तरी, तेही जमत नसेल तर दर मुलामागे दोन-तीन ओळी लिहून द्या: कुठे बसतो आणि का, इनहेलर दप्तराच्या कुठल्या कप्प्यात, कोणाला पाणी प्यायला आठवण करावी लागते, कोणाचं कोणाशी पटत नाही. हा कागद पालकांच्या ग्रुपवर जायचा नाही, उघड आहे.

नव्या बाईंनी कायम दुसऱ्याची नक्कल करावी असं मी म्हणत नाहीये, त्यांची गोष्ट सांगायची पद्धत वेगळी असणार आणि असावी. पण पहिले दोन-तीन आठवडे दिवसाचा सांगाडा हलवू नका. सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख कोण लिहितं, हजेरीला "हजर" म्हणायचं की "येस बाई", लघवीला जायला हात वर करायचा की कार्ड न्यायचं, हे तसंच ठेवा. मग एकावेळी एक गोष्ट बदला आणि आदल्या दिवशी सांगून बदला.

सगळ्याच रजा ठरवून येत नाहीत हेही आहे, अपघात झाला, कोणी गेलं, तर आठवडा मिळतच नाही. तेव्हा पत्र त्याच दिवशी आणि जेवढं माहीत आहे तेवढंच. बदलीच्या बाई ठरल्या नसतील तर तसं लिहा आणि उद्या वर्गावर कोण असेल ते लिहा. ओळखीचं कोणी असेल तर उत्तम, शेजारच्या वर्गाच्या बाई सकाळचा पहिला तास आल्या तरी पोरं सावरतात.

राहिला फोन. रजा म्हणजे रजा. तीस घरांतून "मॅम फक्त एकच विचारायचं होतं" आलं की ऑपरेशन झालेल्या बाईने कधी झोपायचं? शिवाय उत्तरं तिथून यायला लागली की नव्या बाईंना वर्गात कोणी मोजत नाही, पोरंही नाहीत. बाईंनी स्वतःहून वर्गाला एखादं पत्र किंवा आवाजाचा मेसेज पाठवला तर गोड आहे, पण तो शाळेमार्फत आणि त्यांना जमेल तेव्हा. त्यांना ग्रुपमधून तात्पुरतं बाहेर काढा किंवा ग्रुप नव्या बाईंकडे द्या, आणि हे 15 तारखेलाच करा, कारण पहिला "एकच विचारायचं होतं" 18 ला सकाळी येतो.