वीस भागिले तीन? थांबा जरा

«दर वर्षाच्या सुरुवातीला १०,००० रुपये, असे तीन वर्षं भरले आणि तिसऱ्या वर्षाअखेर ३६,००० मिळाले. तीस हजारांवर सहा हजार म्हणजे २० टक्के, भागिले ३, म्हणजे वर्षाला फक्त ६.६७ टक्के. घन समीकरणं मांडणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्यांना तर तीन-तीन उत्तरं येतात!»

भागाकार बरोबर आहे, पण भागलंय चुकीच्या आकड्याने. तीसच्या तीस हजार तीन वर्षं कुठे होते? पहिला हप्ता तीन वर्षं राहिला, दुसरा दोन, तिसरा जेमतेम एकच. सरासरी दोन वर्षं. म्हणजे सरळव्याजानेच हिशेब करायचा, तरी वीसला दोनाने भागा, १० टक्के येतात.

खात्यात मात्र व्याजावर व्याज चढतं. एका वर्षात एका रुपयाचे x रुपये होतात असं धरा. पहिला हप्ता तीनदा x पट होतो, दुसरा दोनदा, तिसरा एकदा. दोन्ही बाजूंना दहा हजारांनी भागलं की उरतं:

x³ + x² + x = ३.६

हे सोडवायला कोणतंही भारी सूत्र लागत नाही. सरळव्याजाचे १० टक्के हाताशी आहेतच, तिथूनच सुरुवात करू. x = १.१० घेतलं तर डावी बाजू ३.६४१, म्हणजे थोडी जास्त. १.०९ ला ३.५७३, म्हणजे कमी. १.०९४ ला ३.६००२. दर झाला सुमारे ९.४ टक्के.

पटत नसेल तर वहीत मांडून बघा. १०,००० चे वर्षाअखेर १०,९४०. त्यात दुसरा हप्ता घालून २०,९४०, त्याचे २२,९०८. तिसरा हप्ता घालून ३२,९०८, त्याचे ३६,००२. ते दोन रुपये दर दशांशाच्या एकाच घरापर्यंत धरल्यामुळे आले. हेच ६.६७ टक्क्यांनी केलं, तर शेवटी जेमतेम ३४,१८३ हातात येतात. मग उरलेले अठराशे कुठून आले?

गंमत म्हणजे हेच तीस हजार एकरकमी ठेवून ३६,००० झाले असते, तर x³ = १.२, म्हणजे घनमूळ काढून दर ६.२७ टक्के. तिथे तुमचे ६.६७ जास्त ठरतात, इथे कमी. चूक एकाच दिशेची असती तर अंदाजाने सावरून तरी घेता आली असती.

आता त्या तीन उत्तरांबद्दल. ती असतात, हे खरं. पण x धन असेल तर तो वाढवताना डाव्या बाजूचं प्रत्येक पद वाढतच जातं, त्यामुळे ती ३.६ ला एकदाच गाठते. उरलेली दोन उत्तरं संमिश्र संख्या आहेत, व्याजाचा दर म्हणून त्यांना अर्थ नाही. एकापेक्षा जास्त धन उत्तरांची शक्यता येते ती पैसे भरले, मध्येच काढले आणि पुन्हा भरले, अशा व्यवहारात. तुमच्या उदाहरणात तीनही वेळा पैसे आतच गेले आहेत, बाहेर आले ते एकदाच, शेवटी.