लाल डोकं दिसलं म्हणून सारस ठरत नाही

"पैठणजवळ हरभऱ्याच्या रानात सारस उतरलेत! डोकं लाल, चोच लांब, पाय लांब. उडताना मान सरळ ठेवतात, बगळ्यासारखी दुमडत नाहीत. म्हणजे सारसच. सगळ्यांना पाठवा."

या मजकुरासोबत फिरणारे फोटो मोठे करून पाहिले, तर त्यातले पक्षी काळे शराटी आहेत. मराठवाड्यात ते बारमाही राहतात. पाण्यापेक्षा कोरड्या रानात, नांगरटीत आणि माळावर ते जास्त दिसतात. महाराष्ट्रात सारसांची नेहमीची वस्ती गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यात आहे.

आधी लाल रंगाचं पाहू. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर सगळं ठरतं. सारसाचं डोकं लाल असतंच, पण तो लाल रंग गालावरून खाली उतरून मानेच्या वरच्या भागापर्यंत येतो आणि टाळू मात्र राखी राहते. म्हणजे लाल रंगाच्या मधोमध फिकट टोपी दिसते. शराटीचं नेमकं उलटं असतं. त्याची टाळू आणि मानेचा मागचा भाग एवढाच त्रिकोणी तुकडा लाल असतो, तोही खरबरीत, चामखिळींनी भरलेला. चेहरा आणि गळा काळपट असतो. या फोटोंत मान खाली घातलेल्या पक्ष्याचा लाल त्रिकोण स्वच्छ दिसतो. शराटीच्या पिल्लांना हा लाल भाग नसतो. त्यामुळे थव्यातल्या एक-दोघांचं डोकं लाल नसेल, तर लगेच वेगळी जात समजू नये.

चोच लांब आहे हे खरं, पण ती विळ्यासारखी खाली वळलेली आहे. सारसाची चोच सरळ असते. इथे कॅमेरा फसवतो. पक्षी तोंड आपल्याकडे करून उभा असला, की वाकडी चोचही सरळ आणि आखूड दिसते. फिरणाऱ्या फोटोंपैकी पहिल्यात तसंच झालंय. म्हणून चोचीचा निर्णय फक्त बाजूने घेतलेल्या फोटोवर करावा.

पायांच्या लांबीसाठी पीकच मोजपट्टी म्हणून वापरा. फोटोतला हरभरा फार तर दीड फुटाचा असेल, आणि तो पक्ष्यांच्या पोटाला लागतोय. सारस पाच फुटांच्या वर जातो. तो त्या रानात उभा राहिला, तर पोट पिकाच्या खूप वर राहील आणि पाय उघडे दिसतील.

आता मानेचा मुद्दा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण अर्धी माहिती बरोबर आहे. बगळे उडताना मान दुमडतात. पण मान सरळ ठेवून सारसासारखे क्रौंच उडतात, करकोचे उडतात आणि शराटीही उडतात. या खुणेने फक्त बगळा वगळता येतो. बाकी तिघांत निवड करायला ती काहीच मदत करत नाही. तिरप्या रांगेत उडणं हीसुद्धा एकट्या क्रौंचाची खूण नव्हे, शराटीही तसे जातात.

मग उडत्या फोटोत पाहायचं काय? आधी पाय पाहा. क्रौंच आणि करकोच्यांचे पाय शेपटीच्या मागे लांबवर बाहेर येतात, काळ्या शराटीचे शेपटीच्या आतच राहतात. नंतर खांदा पाहा. काळ्या अंगावर खांद्यापाशी पांढरा डाग असला, तर तो काळा शराटी. या थव्यात तो डाग प्रत्येक उडत्या पक्ष्यावर आहे. मला विचाराल तर एवढ्यावरच प्रश्न मिटतो.

मराठवाड्यात क्रौंच येतच नाहीत असं मात्र कोणी समजू नये. हिवाळ्यात कांड्या करकोचे नाथसागराच्या काठाला आणि आसपासच्या रानांत उतरत आलेत. नावात करकोचा असला तरी हा क्रौंच आहे. राखी अंग, काळा चेहरा, गळ्यावरून छातीवर लोंबणारी काळी लांब पिसं आणि डोळ्यामागून मागे गेलेला पांढऱ्या पिसांचा झुबका, अशी त्याची ओळख. डोक्यावर लाल काहीच नसतं, लाल असतो तो फक्त डोळा. चोच आखूड आणि सरळ. उभ्या क्रौंचाच्या पाठीमागे पंखांची लांब पिसं शेपटीवर लोंबत असतात. करकोच्यात आणि शराटीत ती दिसत नाहीत.

खऱ्या करकोच्यांपैकी रानात चुकवणारा म्हणजे कांडेसर. अंग काळं, मान पांढरी लोकरीसारखी, डोक्यावर काळी टोपी, चोच जाड आणि सरळ. चित्रबलाकाची चोच टोकाला किंचित वाकलेली असते, तेव्हा थोडा बाक दिसला म्हणून शराटी म्हणू नका. त्याची चोच पिवळी आणि जाड असते, शराटीची बारीक.

कॅमेरा सूर्याकडे करून, दोनशे मीटरवरून मोबाईलने काढलेल्या फोटोत यातलं बरंचसं काळ्या आकृतीत बुडतं. तेव्हा आवाजासकट व्हिडिओ घ्या. क्रौंच उडताना दूरवर जाणारी खणखणीत साद देतात, करकोचे बहुधा गप्प असतात. आणि थवा संध्याकाळी झाडावर बसला, तर तिथे सारस किंवा कांड्या करकोचा शोधू नका, ते झाडावर बसत नाहीत. शराटी मात्र रात्री झाडावरच जातात.